पाकिटातले पस्तीस हजार

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं होतं. बायका तिळगूळ घेऊन निघाल्या, पण आमच्या आळीतल्या एक वहिनी मात्र सतरंजीच्या कडेलाच बसून राहिल्या. शेवटची बाई जिना उतरल्यावर त्यांनी पर्समधून एक पांढरं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "ताई, एवढं बघता का? मालकांनी दिलंय. घेऊ ना?"

पाकिटात पस्तीस हजार सातशे पन्नास रुपयांचा चेक होता. सोबत टाइप केलेला एक कागद, 'सर्व हिशेब पूर्ण मिळाला, माझी काही तक्रार नाही' असा. खाली सहीची जागा रिकामी होती.

या वहिनी पेठेतल्या एका मोठ्या कापड दुकानात हिशेबाचं काम करायच्या. १ जून २०१४ ला लागल्या आणि सासूबाईंचं आजारपण वाढलं म्हणून ३१ डिसेंबर २०२५ ला त्यांनी रीतसर राजीनामा देऊन काम सोडलं. दुकानात चौदा माणसं कामाला. पीएफचे पैसे वेगळे मिळणार होते, ते त्यांना ठाऊक होतं. हा चेक कशाचा, ते मात्र नीट कळलं नव्हतं. मालक म्हणाले होते, "तुम्ही स्वतःहून सोडलंत, तरी आम्ही खुशीनं देतोय. सही करून कागद परत पाठवा."

खुशीनं! हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. मी काही वकील नाही. बी. ए. मराठी झाले, लग्न झालं, संसारात रमले. पण गेली बारा-तेरा वर्षं मंगळवारी दुपारी आमच्या महिला मंडळात बायकांचे अर्ज भरायला बसते. विधवा पेन्शन, रेशनकार्ड, बँकेचं वारस प्रकरण असं काहीबाही. त्यात ग्रॅच्युइटीची प्रकरणंही येतात आणि प्रत्येक वेळी हाच शब्द कानावर येतो. मैत्रिणींनो, ग्रॅच्युइटी म्हणजे मालकाची खुशी नव्हे. ती कायद्यानं ठरलेली रक्कम आहे आणि तिचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही करता येतो. फक्त त्या हिशेबात कुठला आकडा कुठे घ्यायचा, एवढं माहीत हवं.

पीएफ वेगळा, ग्रॅच्युइटी वेगळी

पीएफमध्ये दरमहा आपल्या पगारातून पैसे कापले जातात आणि मालकही आपला वाटा घालतो. ग्रॅच्युइटीसाठी पगारातून एक रुपयाही कापला जात नाही. इतकी वर्षं काम केलं म्हणून नोकरी सुटताना मालकानं स्वतःच्या खिशातून एकरकमी द्यायची ती रक्कम. सरकारी मराठीत तिला 'उपदान' म्हणतात, पण बोलताना सगळे ग्रॅच्युइटीच म्हणतात.

यासाठी १९७२ सालचा स्वतंत्र कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. मूळ नियम तेच राहिले, पण पगार कशाला म्हणायचं यात एक मोठा बदल झाला. तो वहिनींच्या हिशेबात पुढे येईलच.

नियम साधा आहे. कारखाना असेल किंवा दहा अथवा जास्त माणसं कामाला असलेलं दुकान वा संस्था असेल, तर तिथे हा कायदा लागू होतो. एकदा लागू झाला, की पुढे माणसं कमी होऊन सात-आठवर आली तरी तो लागूच राहतो. म्हणून 'आता आमच्याकडे नऊच जण आहेत' हे उत्तर चालत नाही. पण जिथे कधीच दहा माणसं नव्हती, त्या चार माणसांच्या छोट्या दुकानात काम करणारीला किंवा घरकाम करणाऱ्या मावशींना या कायद्याचा आधार मिळत नाही, हेही तितकंच खरं.

दुसरी अट पाच वर्षांच्या सलग नोकरीची. पाच वर्षं भरली, की निवृत्त व्हा, राजीनामा द्या किंवा मालकानं कमी करू द्या, ग्रॅच्युइटी मिळते. म्हणजे 'स्वतःहून सोडलंत' हे वहिनींच्या मालकांचं पहिलं वाक्यच चुकीचं होतं. कायद्यात राजीनामा हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे.

मालकांचा हिशेब

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आवरून वहिनी आल्या. मी त्यांना नेमणुकीचं पत्र आणि शेवटच्या महिन्याचं पगारपत्रक आणायला सांगितलं होतं. पगारपत्रकावर असं होतं : मूळ पगार ६,५०० रुपये, महागाई भत्ता १,०००, घरभाडे भत्ता ६,०००, प्रवास भत्ता ४,५००. एकूण १८,००० रुपये.

आता चेकचा आकडा कुठून आला ते शोधायचं होतं. पस्तीस हजार सातशे पन्नासला अकरानं भागलं तर सव्वातीन हजार येतात. मूळ पगाराचे निम्मेही सव्वातीन हजारच. म्हणजे दुकानाच्या व्यवस्थापकांनी मूळ पगार घेतला, त्याचा अर्धा केला आणि अकरा वर्षांनी गुणलं. वरवर बघितलं तर ठीकच वाटतं. 'दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार' असं सगळीकडे सांगतात, आणि पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना. पण या एका ओळीच्या हिशेबात चार चुका होत्या. त्या एकेक करून बघू.

पहिली चूक, महागाई भत्ता वगळला होता. जुन्या कायद्यातही आणि आताच्या संहितेतही मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून हिशेब होतो. म्हणजे ६,५०० नव्हे, ७,५०० घ्यायला हवे होते. तेवढीच दुरुस्ती केली तरी आकडा ४१,२५० वर जातो.

दुसरी चूक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पंधरा दिवसांचा पगार म्हणजे महिन्याचा अर्धा पगार नव्हे. महिन्याला चार रविवार सुट्टीचे असतात. पगार सव्वीस दिवसांच्या कामाचा असतो. म्हणून महिन्याच्या पगाराला आधी २६ नं भागायचं, मग १५ नं गुणायचं. यावरून पूर्वी मोठा वाद झाला होता. गुजरातमधल्या दिग्विजय वूलन मिल्सच्या प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं २६ दिवसांचा हिशेब मान्य केला आणि पुढे कायद्यातच २६ हा आकडा लिहिला गेला. तो आजही तसाच आहे. तीसनं भागलं तर ७,५०० चे पंधरा दिवसांचे ३,७५० होतात. सव्वीसनं भागलं तर ४,३२७ च्या आसपास. एका वर्षामागे पावणेसहाशे रुपयांचा फरक! अकरा वर्षांचे होतात ४७,५९६ रुपये.

बाळंतपणाची रजा वजा?

तिसरी चूक बघून मात्र मला खरोखरच राग आला. वहिनींची नोकरी अकरा वर्षं सात महिने झाली होती. नियम असा, की शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ झाला असेल तर ते पूर्ण वर्ष धरायचं. सहा महिने किंवा त्यापेक्षा कमी असतील तर सोडून द्यायचं. सात महिने म्हणजे पूर्ण वर्ष. मग अकराच वर्षं का धरली?

वहिनींनी व्यवस्थापकांना फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "अहो, २०१८ मध्ये तुम्ही सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर होतात ना? ते वजा केले. मग राहतात अकरा वर्षं एक महिना."

वहिनी फोन ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. "खरंच वजा होतात का हो ताई? मी तेव्हा काम केलं नव्हतं, हे तर खरंच आहे."

किती सहज आपण स्वतःलाच दोषी धरतो! नाही, वजा होत नाहीत. सलग नोकरी म्हणजे रोज हजेरी नव्हे. आजारपण, रजा, अपघात, संप, टाळेबंदी यामुळे पडलेला खंड हा खंड धरत नाहीत. आणि नोकरीत खरोखर खंड पडला असला तरी बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं, की ते वर्ष सलग मानलं जातं. जिथे आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी काम चालतं, तिथे १९० दिवस पुरतात. हे दिवस मोजताना बाळंतपणाच्या रजेचे सव्वीस आठवड्यांपर्यंतचे दिवस काम केल्याप्रमाणे मोजायचे, असं कायदा स्पष्ट सांगतो. पगारी रजेचे दिवसही तसेच.

म्हणजे वहिनींची वर्षं बारा. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर बारा वर्षांची रक्कम झाली ५१,९२३ रुपये.

भत्ते फुगवले तर

आता चौथी गोष्ट, आणि हा तो नवा बदल. वहिनींचा पगार अठरा हजार, पण मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून साडेसातच हजार. बाकीचे साडेदहा हजार भत्त्यांत. खूप ठिकाणी असंच करतात. मूळ पगार लहान ठेवायचा आणि भत्ते फुगवायचे, म्हणजे पीएफही कमी आणि ग्रॅच्युइटीही कमी. हातात येणारी रक्कम तीच असते, त्यामुळे आपल्याला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. नोकरी सुटते तेव्हा कळतं.

नव्या संहितेनं याला वेसण घातली आहे. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, बोनस, जादा कामाचे पैसे अशा काही गोष्टी पगाराच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. पण वगळलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली, तर जेवढी जास्त होईल तेवढी पुन्हा पगारात मिळवायची.

वहिनींचं बघा. एकूण अठरा हजार, निम्मे नऊ हजार. वगळलेले भत्ते साडेदहा हजार. म्हणजे निम्म्यापेक्षा दीड हजार जास्त. ते दीड हजार पगारात परत आले. साडेसात अधिक दीड, झाले नऊ हजार. हाच वहिनींचा शेवटचा पगार धरायचा. 'शेवटचा पगार' म्हणजे नोकरी सुटतानाचा पगार. बारा वर्षांची सरासरी काढायची नाही. २०१४ साली त्यांना महिना पाच हजार मिळत होते, त्याचा इथे काही संबंध नाही. सगळ्या बारा वर्षांना शेवटचाच पगार लागतो.

म्हणून खरा हिशेब असा :

९,००० ÷ २६ × १५ × १२ = ६२,३०७ रुपये ६९ पैसे

मालकांच्या चेकपेक्षा तब्बल साडेसव्वीस हजारांनी जास्त! वहिनींनी तीनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. हिशेबनीस बाई त्या. तिन्ही वेळा तेच उत्तर.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. निम्म्याचा हा नियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून आला. वहिनींनी नोकरी सोडली डिसेंबरच्या शेवटी, म्हणून त्यांना तो लागला. त्या तारखेआधी ज्यांची नोकरी सुटली, त्यांचा हिशेब जुन्या कायद्याप्रमाणे, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता यांवरच होतो. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सोडली असती, तर अकराच वर्षं धरून वहिनींचा आकडा ४७ हजारांच्या पुढेच थांबला असता.

मग काय केलं?

पहिलं म्हणजे 'हिशेब पूर्ण मिळाला' या कागदावर सही केली नाही. भांडायलाही गेलो नाही. साध्या कागदावर एक अर्ज लिहिला : नाव, पद, कामाला लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, शेवटच्या पगाराचा तपशील, वर हिशेबाची ओळ आणि शेवटी 'ही रक्कम मुदतीत माझ्या बँक खात्यात जमा करावी' ही विनंती. सोबत पगारपत्रक आणि राजीनामा मंजूर झाल्याच्या पत्राची झेरॉक्स. दोन प्रती केल्या. एक दुकानात दिली, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घेतली. ही पोच फार मोलाची. 'अर्ज मिळालाच नाही' हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय, की पोच घेतल्याशिवाय मी कुणाला पायरी उतरू देत नाही. समोरचा पोच देत नसेल तर पोस्टात जाऊन पोचपावतीसह पाठवायचा.

खरं तर अर्ज आला नाही, तरी ग्रॅच्युइटी किती होते ते काढून कर्मचाऱ्याला कळवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत ती द्यायची असते. त्यानंतर दिली तर सरळ व्याजासह द्यावी लागते. आणि आकड्यावरून वाद असला, तरी जेवढी रक्कम मालकाला मान्य आहे तेवढी तो अडवून ठेवू शकत नाही. ती त्यानं सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. वाद उरलेल्या रकमेचा.

तीस दिवस उलटूनही काही झालं नाही, तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात जायचं. दाद कोणत्या अधिकाऱ्यापुढे मागायची, अर्ज कसा करायचा, ते तिथे विचारायचं. अर्जाला मुदत असते, म्हणून 'बघू दिवाळीनंतर' असं करायचं नाही. आम्ही तीही तयारी ठेवली होती. वहिनींना रात्री झोप लागत नव्हती. "गावात दुकान त्यांचं नावाजलेलं. माझ्या मिस्टरांचं त्यांच्याकडे येणंजाणं. लोक काय म्हणतील?" हा त्यांचा खरा प्रश्न होता.

अर्ज गेल्यावर आठव्या दिवशी मालकांनी बोलावलं. त्यांनी तो कागद आपल्या सीएला दाखवला होता. सीएनं चारही मुद्दे बरोबर असल्याचं सांगितलं म्हणे. मालक थोडे चिडलेले होते, "आधी तोंडी बोलला असतात तरी चाललं असतं", असं म्हणाले. पण जुना चेक परत घेऊन ६२,३०८ रुपयांचा नवीन चेक दिला. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यातून झालं.

मालक लबाड होते का? मला तसं वाटत नाही. व्यवस्थापकांनी वर्षानुवर्षं असाच हिशेब केला होता. आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून तो बरोबर आहे असं सगळे धरून चालले होते. त्या दुकानातून आधी गेलेल्या चार बायका आता वहिनींकडे आपापली पगारपत्रकं घेऊन येतायत, ही पुढची गोष्ट.

चार वर्षं दहा महिने

वहिनींची गोष्ट आळीत पसरली आणि दोन आठवड्यांत एक तरुण शिक्षिका मंडळात आली. खासगी विनाअनुदानित शाळेत ती शिकवते. लग्न मे महिन्यात ठरलंय, सासर दुसऱ्या जिल्ह्यात. एप्रिलमध्ये वर्ष संपलं की राजीनामा द्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. मी सहज विचारलं, "लागलीस कधी?" म्हणाली, "१५ जून २०२१."

म्हणजे एप्रिलअखेर चार वर्षं आणि सुमारे साडेदहा महिने. पाच वर्षं भरायला दीड महिना कमी!

आधी शिक्षकांबद्दल सांगते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की शिक्षक हे त्या कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाहीत. मग संसदेनं २००९ मध्ये व्याख्याच बदलली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खासगी शाळांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, पण ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती वैध ठरवली. त्यामुळे 'शाळेत ग्रॅच्युइटी नसते' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, गुजरातमधल्या प्रकरणात, अंगणवाडी सेविका आणि मदतनीसही ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला आहे.

आता या मुलीचं. तिचा पगार एकत्रित बारा हजार, भत्त्यांची वेगळी विभागणी नाही. बारा हजारला २६ नं भागा, १५ नं गुणा, पाचनं गुणा. ३४,६१५ रुपये होतात. एप्रिलच्या राजीनाम्यानं हे पैसे पणाला लागत होते.

"पण काकू," ती म्हणाली, "सहा महिन्यांच्या वर झाले की पूर्ण वर्ष धरतात ना? मग चार वर्षं दहा महिने म्हणजे पाचच झाली की!"

इथेच बऱ्याच जणी फसतात. सहा महिन्यांचा नियम रक्कम काढण्यासाठी आहे. पात्रता ठरवण्यासाठी नाही. आधी पाच वर्षांचा उंबरठा ओलांडायचा, मग आत आल्यावर वर्षं मोजायची. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण मानावं, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयानं १९९८ साली एका प्रकरणात दिला होता, आणि बरेच जण त्याचा आधार घेतात. पण तो आधार घ्यायचा म्हणजे शाळेनं नाही म्हटलं तर दाद मागत बसायचं. नवीन सासर, नवीन गाव, त्यात दर तारखेला इकडे यायचं. दीड महिन्यासाठी कशाला?

मी तिला एवढंच सांगितलं, की राजीनाम्याची तारीख पुढे ने. मे महिना शाळेची सुट्टी. जूनच्या सुरुवातीला रजेचा अर्ज दे आणि तो मंजूर झाल्याचं लेखी घे. राजीनामा २० जूनपासून लागू होईल असा लिही. १४ जूनला पाच वर्षं पूर्ण होतात, त्यानंतरचे चार-पाच दिवस हाताशी असलेले बरे. तिनं घरी विचारलं. होणाऱ्या नवऱ्यानंच म्हणे सांगितलं, "पाच दिवस मी येऊन सोडतो-आणतो, पण सोडू नकोस."

तिच्या नेमणुकीच्या पत्रात शेवटची तारीख नव्हती, म्हणून तिला पाच वर्षांची अट लागली. ज्यांची नेमणूक ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर झालेली असते, त्यांना नव्या संहितेत पाच वर्षं थांबावं लागत नाही. त्या करारावर एक वर्ष काम झालं, की मुदत संपल्यावर केलेल्या कामाच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. म्हणून नेमणुकीचं पत्र कपाटातल्या साड्यांखाली पुरून ठेवू नका. ते काढून वाचा.

पाच वर्षं न भरताही

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण अशा वेळी बायका माझ्याकडे फार उशिरा येतात. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला किंवा अपघाताने, आजाराने कायमचं अपंगत्व आलं, तर पाच वर्षांची अट नाही. गेल्या वर्षी एक बाई आल्या. नवरा कारखान्यात तीन वर्षं कामाला होता, तो गेला. पीएफचे पैसे आणि विम्याचे पैसे मिळाले. ग्रॅच्युइटीबद्दल कुणीतरी सांगितलं, "पाच वर्षं कुठे झाली होती?" आणि दीड वर्ष त्या तशाच बसून राहिल्या. तीन वर्षांचीही ग्रॅच्युइटी त्यांच्या हक्काची होती.

अशी रक्कम नामनिर्देशन केलेल्या व्यक्तीला मिळते आणि तसं केलेलं नसेल तर वारसांना. नामनिर्देशनाचा फॉर्म नोकरीला एक वर्ष झालं की भरायचा असतो. लग्नाआधी नोकरीला लागलेल्या अनेकांनी तो भरून दिल्यावर पुन्हा कधी उघडूनच बघितलेला नसतो. आज रात्री जेवणं झाली की यजमानांना एवढं विचारा, की फॉर्मवर नाव कुणाचं आहे.

ते विचारताना त्यांचं पगारपत्रकही मागून घ्या आणि आपलंही काढा. मूळ पगार आणि महागाई भत्ता बघा. बाकीचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर जादा रक्कम त्यात मिळवा. सव्वीसनं भागा, पंधरानं गुणा आणि झालेल्या वर्षांनी गुणा. येणारा आकडा डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. उत्तर वीस लाखांच्या वर जात असेल, तर २०१८ पासून कायद्याची कमाल मर्यादा तेवढीच आहे. पण आपल्यापैकी बहुतेकींना त्याची काळजी करायचं कारण नाही!

परवा वहिनी भाजी घ्यायला भेटल्या. म्हणाल्या, "ताई, मी बारा वर्षं दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब पैशापैशानं जुळवला. स्वतःचा मात्र पाकिटात मिळाला तसा घेणार होते." मग पिशवीतली मेथीची जुडी जबरदस्तीनं माझ्या हातात देऊन गेल्या.